डोळ्यामागचं दुखणं आणि रात्रीच्या येरझारा: क्लस्टर हेडेकचं निदान होईपर्यंत

आमच्या घरात डोकेदुखीचे तिन्ही प्रकार नांदतात असं म्हटलं तरी चालेल. ताईला शाळेत असल्यापासून मायग्रेन आहे, मला स्वतःला कामाचं प्रेशर वाढलं की संध्याकाळी डोक्याभोवती आवळल्यासारखं होतं ते टेन्शनवालं आहे, आणि काही वर्षांपूर्वी त्यात तिसरं येऊन बसलं, उजव्या डोळ्याच्या मागे. हे तिसरं काय आहे ते कळायला खूप वेळ गेला, आणि तो कसा गेला, नेमकं कुठे अडकलं आणि शेवटी कशावरून कळलं हेच सांगायचंय, कारण एका बाजूला डोकं दुखतंय आणि डोळ्यातून पाणी येतंय म्हटलं की समोरचा माणूस पटकन दोनच गोष्टी बोलतो, सायनस असेल नाहीतर अर्धशिशी असेल.

आधी दुखणं कसं असतं ते. झोप लागून साधारण दीड तास झाला की जाग यायची, आणि जाग येतानाच दुखणं सुरू झालेलं असायचं. पहिली दोनतीन मिनिटं नुसतं उजव्या भुवईच्या आतल्या कोपऱ्यात जड वाटायचं, मग पाचदहा मिनिटांत ते एकदम वर चढायचं. जागा अगदी ठरलेली, उजव्या डोळ्याच्या मागे खोल, तिथून कानशिलाकडे आणि कधीकधी वरच्या दाढेत. ठणका नाही, म्हणजे ताई सांगते तसं नाडीबरोबर ठणठण नाही, सलग घुसल्यासारखं, कोणीतरी आतून डोळा बाहेर ढकलतंय असं. त्याच डोळ्यातून पाण्याची धार, तो डोळा लाल, त्याच बाजूची नाकपुडी गच्च बंद आणि थोड्या वेळाने तीच वाहायला लागायची. आरशात बघितलं की उजवी पापणी डावीपेक्षा खाली आलेली दिसायची. डावी बाजू मात्र पूर्ण नॉर्मल, जणू काही चाललेलंच नाही.

आणि झोपून राहता यायचं नाही. हे मला सुरुवातीला फार सांगण्यासारखं वाटलंच नाही, दुखतंय म्हटल्यावर माणूस तळमळणारच की. पण ते तळमळणं वेगळं होतं. उठून हॉलमध्ये येरझारा, मग खुर्चीत बसून पुढेमागे डोलणं, मग तळहाताने डोळा दाबून धरणं, परत उठणं, बाथरूममध्ये गार पाणी, परत येरझारा. बायको म्हणायची अरे जरा पड ना शांत, आणि मला तिचा राग यायचा, कारण पडलं की दुखणं अजून चढायचं. भिंतीवर डोकं टेकवून उभा राहायचो, एकदोनदा आपटलंही. पाऊणेक तास, कधी तास, आणि मग पाचेक मिनिटांत सगळं उतरायचं. पूर्ण. घाम यायचा, थकायला व्हायचं, पण डोकं एकदम मोकळं. सकाळी ऑफिसला गेलो की कोणाला पटायचं नाही रात्री काय झालं ते.

पहिल्या वेळेला हे काही आठवडे रोज रात्री चाललं. फॅमिली डॉक्टरांनी नाक बंद, डोळ्याखाली दुखतंय, दाढेत जातंय हे ऐकलं आणि सायनस म्हणाले, अँटिबायोटिक, वाफ, नाकात मारायचा स्प्रे. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी हेच म्हणालं असतं. मग दाढेचा संशय म्हणून डेंटिस्ट, एक्स-रे काढला, दाढ ठणठणीत. मग डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं, तेही नॉर्मल. ही तपासणी मात्र व्हायलाच हवी होती असं आता वाटतं, कारण काचबिंदूचा एक प्रकार असा असतो की त्यात डोळ्यातलं प्रेशर अचानक वाढून डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, धूसर दिसतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि तो अंगावर काढला तर नजर जाते. माझी नजर अटॅकमध्येही साफ होती.

तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स चालू असताना दुखणं थांबलं. एका रात्री आलं नाही, दुसऱ्या रात्री आलं नाही, मग गेलंच. सगळे खूश, सायनस बरा झाला. फसगत होते ती अशी, कारण हे दुखणं स्वतःच्या हिशोबाने येतं आणि स्वतःच्या हिशोबाने जातं. काही आठवडे ते दोनतीन महिने असा त्याचा मोसम चालतो आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही, काहीच नाही. त्यामुळे मोसम संपताना जे औषध हातात असेल त्याला श्रेय जातं. माझ्या केसमध्ये अँटिबायोटिकला गेलं, दुसऱ्या कोणाच्या केसमध्ये चष्म्याच्या नवीन नंबरला नाहीतर काढलेल्या दाढेला जात असेल. दाढ काढून घेतलेले पेशंट खरंच असतात, न्यूरोलॉजिस्टनीच नंतर सांगितलं.

पुढच्या वर्षी जवळपास त्याच दिवसांत परत सुरू झालं. तीच बाजू, तीच वेळ. यावेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले एका बाजूला आहे, जोरात आहे, मायग्रेन आहे. सुमाट्रिप्टानची गोळी दिली अटॅक आला की घ्यायला, आणि रोज घ्यायला प्रोप्रॅनोलॉल. आणि गोळीने फरक पडतोय असं मला वाटतही होतं. दुखायला लागलं की गोळी, तासाभरात दुखणं गायब. आता विचार करा, मुळात अटॅकच तासाभराचा आहे. गोळी पोटात जाऊन विरघळून रक्तात पोचून काम सुरू करायला अर्धा ते एक तास घेते. म्हणजे गोळी कामाला लागेपर्यंत अटॅक आपला आपणच उतरत होता आणि टाळ्या गोळीला मिळत होत्या. गोळी न घेतलेल्या रात्री किती वेळ लागतो हे कोणी मोजलंच नव्हतं.

ते मोजायला लावलं ताईने. तिला मायग्रेनचा चांगला अनुभव, एकदा ती आमच्याकडे राहायला होती आणि रात्री तिने मला हॉलमध्ये फिरताना बघितलं. सकाळी म्हणाली, "अरे हे मायग्रेन नाही. मला अटॅक आला की मी बाथरूमपर्यंत जायला घाबरते, पायरी चढले तरी डोकं फुटतं, आणि तू अर्धा तास घरभर चालतोयस." तिचं मायग्रेन मी लहानपणापासून बघतोय. पडदे ओढायचे, फोन बंद, कोणी बोलायचं नाही, बादली शेजारी, आणि ती कुशीवर वळायचीही नाही. दुपारी सुरू झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जायचं. मायग्रेन औषध न घेता चार तास ते तीन दिवस चालू शकतं हे नंतर वाचलं, तिचं त्यात बरोबर बसतं. आणि तिला झोप लागली की बरं वाटतं, उठते तेव्हा निम्मं तरी कमी झालेलं असतं. माझं नेमकं उलटं, मला झोपेतूनच यायचं, त्यामुळे त्या मोसमात मला गादीवर पडायचीच भीती वाटायची.

मग वहीत लिहायला सुरुवात केली. फार काही नाही, सुरू कधी, थांबलं कधी, कुठली बाजू, त्या वेळी मी काय करत होतो, काय घेतलं. एक पान जसंच्या तसं देतो: "रात्र 12:50 जाग, उजवा डोळा. 1:00 पूर्ण जोरात. डोळा, नाक चालू. चालतोय. गोळी नाही घेतली. 1:45 उतरायला लागलं. 1:55 संपलं. परत झोप. 4:20 परत, कमी जोराचं, 4:55 संपलं." आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवसाची नोंद: "संध्याकाळी 6 पासून दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, मान कडक, पाणी नाही, मीटिंग केली, जेवलो, झोपेपर्यंत होतंच." हे दुसरं माझं जुनं टेन्शनवालं. वहीत एकाखाली एक आलं तेव्हा दोन्ही किती वेगळी आहेत ते दिसलं, नाहीतर डॉक्टरांना सांगताना मी "रोज डोकं दुखतं" एवढंच सांगत होतो आणि त्यात दोन्हीची खिचडी होत होती. टेन्शन हेडेक दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखं, त्रासदायक पण काम थांबत नाही, उलटी नाही, चालल्याने वाढत नाही, आणि अर्ध्या तासापासून कितीही लांबू शकतं, अगदी आठवडाभरसुद्धा. रात्रीच्या जागरणामुळे ते जास्तच व्हायचं. म्हणजे एका दुखण्याने दुसऱ्याला बोलावल्यासारखं होत होतं आणि ऐकणाऱ्याला एकच लांबलचक डोकेदुखी वाटत होती.

बायकोने एका रात्री मोबाईलवर व्हिडिओ घेतला. मला तेव्हा आवडलं नव्हतं, पण पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं ते तेच. दिवसा डॉक्टरांसमोर बसलेला माणूस एकदम धडधाकट असतो, तपासून काही सापडत नाही. व्हिडिओत पापणी खाली आलेली दिसते, डोळा लाल दिसतो, आणि मुख्य म्हणजे एका जागी न बसणं दिसतं.

न्यूरोलॉजिस्टनी वही उलटून बघितली आणि मग प्रश्न विचारले, आणि प्रश्न असे होते की आधी कोणीच विचारले नव्हते. कुठे दुखतं हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. पहिला प्रश्न, एक अटॅक औषध न घेता किती वेळ. दुसरा, त्या वेळात तुम्ही काय करता, पडून राहता की फिरता. तिसरा, घड्याळात ठरलेली वेळ असते का आणि वर्षात ठरलेले महिने असतात का. चौथा, बाजू कधी बदलते का. पाचवा, या दिवसांत दारू घेतली तर काय होतं. हा पाचवा ऐकून मी चमकलोच, कारण त्या दिवसांत एक बिअर घेतली तर तासाभरात अटॅक यायचा, आणि एरवी वर्षभर बिअरने काहीही व्हायचं नाही. मी ते योगायोग समजून सोडून दिलेलं. त्या म्हणाल्या मोसम चालू असताना दारू हा बहुतेकांच्या बाबतीत खात्रीचा ट्रिगर असतो, मोसम नसताना नाही.

मग त्यांनी नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक. पंधरा मिनिटं ते तीन तास, एका बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात, अतिशय तीव्र, दिवसाआड एक ते दिवसाला आठ अशा हिशोबाने, आणि सोबत त्याच बाजूचं पाणी, नाक, पापणी नाहीतर मग ती अस्वस्थता, किंवा दोन्ही. साधारण हजारात एकाला होतं, त्यामुळे बऱ्याच जनरल डॉक्टरांच्या समोर ते क्वचितच येतं. मी विचारलं, पण मॅडम, डोळ्यातून पाणी तर माझ्या ताईलाही येतं कधीकधी मायग्रेनमध्ये. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणूनच मी पाण्यावर जात नाही. मायग्रेनमध्येही पाणी येतं, क्लस्टरमध्येही उजेडाचा त्रास होतो, मळमळ होते. त्यावरून ठरवायला गेलं तर गोंधळ होतो. वेळ किती आणि पेशंट हलतो की नाही, हे बघायचं." मला ते एकदम पटलं, कारण ताईने रात्री मला बघून जे ओळखलं होतं ते हेच.

पाणी आणि नाक येतं कुठून हेही त्यांनी समजावलं. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी एक मोठी नस असते, ट्रायजेमिनल. तिच्या डोळ्याकडच्या फांदीतून दुखण्याचा सिग्नल मेंदूच्या खोडात जातो आणि तिथून एक उलटा झटका परत येतो, अश्रूग्रंथीला आणि नाकाच्या आतल्या अस्तराला. म्हणून पाणी वाहतं, नाक सुजतं. म्हणजे नाक बंद झाल्याने डोकं दुखत नाही, डोकं दुखतंय म्हणून नाक बंद होतं. सायनसच्या इन्फेक्शनमध्ये घट्ट पिवळट शेंबूड, ताप, वास न येणं, आणि ते दिवसभर असतं, तासाभरात येऊन जात नाही. आणि घड्याळासारखी वेळ का, तर मेंदूत खोल हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, शरीराचं दिवसरात्रीचं चक्र तो सांभाळतो. 1998 साली लंडनमधल्या संशोधकांनी अटॅक चालू असताना पेशंटचे पेट स्कॅन केले तेव्हा नेमका त्याच्याजवळचा भाग पेटलेला दिसला होता.

तरी लगेच शिक्का मारून सोडलं नाही. एमआरआय सांगितला, कारण असंच दिसणारं दुखणं क्वचित पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे किंवा इतर कारणाने होऊ शकतं. तपासताना मानेत नवीन दुखणं आहे का, अटॅक नसतानाही पापणी खाली आणि बाहुली लहान राहते का हे मुद्दाम बघितलं, कारण तसं अचानक झालं आणि सोबत मान दुखत असेल तर मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते आणि ती इमर्जन्सी आहे. एका मिनिटात शिखराला पोचलेली आयुष्यातली पहिलीच भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, बोबडी वळणं किंवा हातपाय लुळा पडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं आणि चावताना जबडाही दुखतोय, यातलं काहीही असलं तर वही लिहीत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. माझा एमआरआय नॉर्मल आला. अजून एक चुलतभाऊ प्रकार त्यांनी बाजूला केला, त्यात अटॅक दोन मिनिटं ते अर्धा तास एवढेच असतात पण दिवसात पाचाच्या वर येतात, आणि तो इंडोमेथासिन नावाच्या गोळीने पूर्ण थांबतो. माझे अटॅक लांब आणि कमी, त्यामुळे तो नाही.

आता औषधं. इथे पहिलं काम त्यांनी केलं ते प्रोप्रॅनोलॉल हळूहळू बंद करण्याचं. मायग्रेन समजून ते चालू होतं, आणि क्लस्टरसाठी जे मुख्य रोजचं औषध आहे, व्हेरापॅमिल, ते त्याच्यासोबत दिलं तर दोघं मिळून हृदयाचे ठोके धोकादायक पातळीवर मंद करू शकतात. म्हणजे चुकीचं निदान नुसतं निरुपयोगी नव्हतं, ते बरोबर औषधाच्या वाटेत बसलं होतं. व्हेरापॅमिल मुळात बीपीचं आणि हृदयाचं औषध. सुरू करण्याआधी ईसीजी, 80 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग दोन आठवड्यांनी परत ईसीजी आणि मगच वाढ. ईसीजी कशाला, तर हृदयातला विजेचा सिग्नल वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात पोचायला जो वेळ घेतो तो या औषधाने लांबतो, आणि पेशंटला काहीही न जाणवता लांबत जातो, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून ईसीजी टाळायचा नाही. मला त्रास झाला तो बद्धकोष्ठतेचा आणि संध्याकाळी घोटे सुजायचे.

व्हेरापॅमिलला जोर धरायला एकदोन आठवडे लागतात, आणि दर रात्री अटॅक येणाऱ्या माणसाला दोन आठवडे थांब म्हणणं म्हणजे काय ते ज्याला होतं त्यालाच माहीत. म्हणून मधला पूल म्हणून स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला, जास्त डोसने सुरू करून कमी कमी करत बंद. त्यात चौथ्यापाचव्या रात्रीपासून अटॅक थांबले, आणि मला वाटलं सुटलो. कोर्स संपत आला तसे परत डोकावले, पण तोपर्यंत व्हेरापॅमिल थोडं लागू झालं होतं, त्यामुळे जोर कमी. स्टिरॉइड पुन्हापुन्हा मागायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं, शुगर, हाडं, सगळ्यावर परिणाम होतो.

आणि अटॅक चालू असताना घ्यायचं ते ऑक्सिजन. मला आधी हसू आलं, साधी हवा ती. पण हे क्लस्टरसाठी सगळ्यात सुरक्षित औषध आहे आणि पुरावा चांगला आहे, 2009 मध्ये आलेल्या एका ट्रायलमध्ये मिनिटाला 12 लिटर ऑक्सिजन दिलेल्या अटॅकपैकी 78 टक्के पंधरा मिनिटांत पूर्ण किंवा जवळपास थांबले, साधी हवा दिलेल्यांत 20 टक्के. फक्त तो नीट घ्यावा लागतो, आणि इथेच लोकांचं फिसकटतं. माझंही पहिल्या रात्री काही उपयोग झाला नाही. सिलेंडर बरोबर होता, पण सप्लायरने सोबत नाकात घालायची दोन टोकांची बारीक नळी आणि लहान रेग्युलेटर दिला होता. नळीतून आजूबाजूची हवा मिसळते, शंभर टक्के ऑक्सिजन पोचतच नाही. पाहिजे तो नॉन-रीब्रीदर मास्क, खाली फुगणारी पिशवी असलेला, आणि 15 लिटरपर्यंत जाणारा रेग्युलेटर. घरगुती कॉन्सन्ट्रेटर मशीन चालत नाही, बऱ्याच मशिनी पाच लिटरच्या असतात आणि ऑक्सिजनही पूर्ण शुद्ध नसतो.

मास्क बदलल्यावरची पहिली रात्र आठवते. जाग आल्याबरोबर, भुवईत जड वाटतंय तेवढ्यातच उठून खुर्चीत बसलो, पुढे वाकून कोपर गुडघ्यावर, आधी व्हॉल्व्ह उघडून पिशवी फुगू दिली, मग मास्क चेहऱ्यावर घट्ट, पट्टा न लावता हातानेच दाबून. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय, ती थोडी फुगलेली राहिली पाहिजे, ही खूण न्यूरोलॉजिस्टच्या असिस्टंटने सांगितलेली. पाच मिनिटं काही नाही. आठव्या-नवव्या मिनिटाला नाकपुडी सुटली, आणि ती सुटली की दुखणं उतरणार हे आता मला आधीच कळतं. पंधरा मिनिटं पूर्ण होईपर्यंत बसून राहिलो, मध्येच मास्क काढला तर परत चढतं. हिशोब केला तर 15 लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे एका अटॅकला सव्वादोनशे लिटर, त्यामुळे मोसमात लहान सिलेंडर पटापट संपतो, एक भरलेला जास्तीचा लागतोच. आणि त्या खोलीत काडीपेटी, सिगारेट, पेटती मेणबत्ती अजिबात नाही, ऑक्सिजनमध्ये आग भडकते. उशिरा सुरू केलं, म्हणजे दुखणं पूर्ण चढल्यावर, तर उपयोग अर्धाच होतो. आणि काही रात्री असंही झालं की ऑक्सिजनने थांबलं आणि तासाभराने तेच परत आलं.

घराबाहेर असलो तर सुमाट्रिप्टानचं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कातडीखाली, स्वतः टोचायचं. गोळीत आणि त्यात औषध एकच, पण हे दहापंधरा मिनिटांत काम करतं. चोवीस तासांत दोनच, आणि हृदयविकार किंवा कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी असेल तर अजिबात नाही, कारण ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. नाकातला स्प्रेही असतो, तो दुखत नसलेल्या बाजूच्या नाकपुडीत मारायचा, दुखणारी बाजू बंद असते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे क्लस्टरसाठी मी पूर्ण सोडलं, टेन्शनवाल्यासाठी कधीतरी घेतो.

झोपेचंही सांगितलं होतं, मोसमात दुपारी डुलकी काढायची नाही, कारण डुलकीतूनही अटॅक येतो. सिगारेट सोडा असंही म्हणाल्या, क्लस्टरवाल्यांत सिगारेट ओढणारे खूप असतात, पण सोडल्याने मोसम थांबेलच असं नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. आणि जाताना त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला, दुखताना जगायला नको असं वाटतं का. मी म्हटलं एकदोनदा आलं मनात. तेव्हा म्हणाल्या ते लपवायचं नाही, या दुखण्यात ते बऱ्याच जणांच्या मनात येतं, तसं आलं तर त्याच रात्री फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. बायको शेजारी बसून ऐकत होती, तिला हे माहीत नव्हतं.

तो मोसम संपल्यावर लगेच व्हेरापॅमिल बंद केलं नाही. एकही अटॅक नाही असे दोन आठवडे गेल्यावर हळूहळू डोस उतरवला. त्यानंतरचा मोसम आला तेव्हा पहिल्या रात्रीच, म्हणजे डोळ्यामागे पुसटसं टोचल्यावरच वही उघडली, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी ईसीजी. अटॅक आलेच, पण आधीपेक्षा कमी, आणि बहुतेक ऑक्सिजनवर भागले. पाकिटात आता एक चिठ्ठी असते, निदान, औषधं आणि "100 टक्के ऑक्सिजन, 12 ते 15 लिटर, नॉन-रीब्रीदर मास्क, 15 मिनिटं" असं लिहिलेली, न्यूरोलॉजिस्टच्या सहीची. इमर्जन्सीमध्ये रात्री डोळा दाबून फिरणाऱ्या माणसाला आडवं पडा म्हणण्याऐवजी काय द्यायचं ते ड्युटी डॉक्टरला त्यावरून कळतं, आणि एकदा ते वापरावं लागलं तेव्हा सलाईन लावायला निघालेल्या नर्सने चिठ्ठी वाचून आधी मास्क आणला.